पंधरा हजार भरले, दोनशे वीस आले: एका विमान तिकिटाच्या परताव्याची तपासणी

मे २०२४ मधली गोष्ट. मामा, मामी आणि त्यांची दोन्ही मुलं पुण्याहून नागपूरला साखरपुड्याला जाणार होती. २ मे रोजी मामांनी एका ट्रॅव्हल पोर्टलवरून १८ मेची चार तिकिटं काढली आणि क्रेडिट कार्डावर १५,६५२ रुपये भरले. ११ मेला साखरपुडा असलेल्या मुलीच्या आजोबांचं निधन झाल्याचा निरोप आला, साखरपुडा पुढे गेला आणि मामांनी त्याच संध्याकाळी तिकिटं रद्द केली. १६ मेला कार्डावर परतावा जमा झाला: २२० रुपये.

"अरे, एवढे पैसे भरले आणि हातात काय, तर एका जेवणाचेसुद्धा पैसे नाहीत! तू हिशेबातला माणूस आहेस, जरा बघ," मामा फोनवर म्हणाले. मी एका छोट्या कारखान्यात लेखापालाचं काम करतो. मला विमानाचं फारसं कळत नाही, पण कुठली रक्कम कोणत्या खात्यात बसते हे शोधणं माझ्या रोजच्या सवयीचं आहे. इथेही तेच करायचं होतं. आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून काही रकमा किंचित गोल केल्या आहेत. हिशेबाची रचना मात्र होती तशीच ठेवली आहे.

पोर्टलच्या ईमेलमध्ये परताव्याचा हिशेब पाच ओळींत होता.

```
भरलेली रक्कम                 १५,६५२
विमान कंपनीचे रद्द शुल्क      −१२,६००
पोर्टलचे रद्द सेवा शुल्क       −१,१८०
कन्व्हिनियन्स फी (अपरतावा)    −१,६५२
परतावा                          २२०
```

वजाबाकी बरोबर होती, म्हणून पहिल्या नजरेत इथे शंका घ्यायला जागा नव्हती. मामांचा राग शेवटच्या कपातीवर होता. कन्व्हिनियन्स फी परत का नाही, प्रवास तर झालाच नाही, असं त्यांचं म्हणणं. बहुतेकांचा राग याच ओळीवर जातो. मला मात्र ती ओळ निर्दोष वाटली.

ही फी विमानप्रवासाची किंमत नसते. पोर्टलने तिकीट काढून देण्याचे ते पैसे असतात आणि तिकीट निघालं त्या क्षणी ते काम पूर्ण होतं. मामांच्या बुकिंगमध्ये ती माणशी ३५० रुपये होती आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ६३ रुपये, म्हणजे ४१३. चार माणसांचे १,६५२. पैसे भरण्याआधीच्या पानावर ती वेगळ्या ओळीत होती आणि खाली "परत मिळणार नाही" असंही लिहिलेलं होतं. मामांनी ते वाचलं नव्हतं, तरी लिहिलेलं होतं हे खरं. या ओळीबाबत मी फक्त दोन गोष्टी तपासल्या. फी माणशी लावली आहे की बुकिंगला एकदाच, हे अटींशी जुळतं का, ही पहिली. दुसरी जास्त महत्त्वाची: ती दोनदा तर कापली नाही ना. काही हिशेबांत सुरुवातच फी वगळून उरलेल्या भाड्यापासून होते आणि खाली पुन्हा "कन्व्हिनियन्स फी वजा" येतं. इथे सुरुवात पूर्ण १५,६५२ पासून होती, म्हणजे कपात एकदाच झाली होती. ही ओळ मी बाजूला ठेवली.

पोर्टलचं रद्द सेवा शुल्कही माणशी २५० अधिक जीएसटी ४५, म्हणजे २९५ रुपये होतं. ते आवडण्यासारखं नव्हतं, पण अटींत होतं आणि आकडाही तोच होता. तेही बाजूला ठेवलं.

उरली पहिली कपात: १२,६०० रुपये. चार माणसांत विभागले तर माणशी ३,१५०. तिकिटाची किंमत माणशी ३,५०० होती, म्हणजे विमान कंपनीने दहातले नऊ रुपये ठेवून घेतले. हे शक्य आहे का? इथे मामांचा दुसरा मुद्दा आला आणि तो विचार करण्यासारखा होता.

"हे बघ," त्यांनी बुकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवला. "मूळ भाडं २,३००, आणि कर व अधिभार १,२००. भाडं बुडालं ते बुडालं. पण टॅक्स तरी परत यायला हवा ना? मी विमानात बसलोच नाही, तर कर कसला? चौघांचे ४,८०० झाले."

तर्क सरळ आहे आणि त्याच्या मागे नियमही आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, तिकीट परताव्याबाबतचे नियम सुधारून १ ऑगस्ट २०१६ पासून लागू केले. मामांच्या तिकिटाला तेच लागू होते. त्यातल्या दोन तरतुदी इथे कामाच्या होत्या. एक म्हणजे प्रवाशाने तिकीट रद्द केलं किंवा तो आलाच नाही, तरी सरकारी कर आणि विमानतळासाठी गोळा केलेली शुल्कं परत करावी लागतात, मग तिकीट सवलतीचं असो की "नॉन-रिफंडेबल" म्हणून विकलेलं असो. दुसरी म्हणजे विमान कंपनीचं रद्द शुल्क कोणत्याही परिस्थितीत मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही.

दुसऱ्या तरतुदीतला "इंधन अधिभार" हा शब्द मामांच्या ४,८०० वर पाणी फिरवतो. पोर्टलने "कर व अधिभार" म्हणून जो १,२०० चा गठ्ठा दाखवला होता, त्यात नेमकं काय काय बांधलेलं आहे हे पोर्टलच्या पानावर दिसत नव्हतं. गठ्ठा सोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इंधन अधिभार कराच्या शेजारी बसवलेला असतो, पण तो कर नाही. तो विमान कंपनीच्याच खिशात जातो आणि रद्द शुल्कात कापला जाऊ शकतो.

गठ्ठा सोडवायला मी विमान कंपनीच्या संकेतस्थळावर गेलो. तिकीट पोर्टलवरून काढलेलं असलं तरी सहा अक्षरांचा पीएनआर विमान कंपनीचाच असतो, आणि तो पीएनआर व आडनाव टाकलं की भाड्याचा तपशील उघडतो. तिथे जीएसटीचं बीजकही उतरवून घेता येतं. काही तपशिलांत शब्दांऐवजी सांकेतिक अक्षरं असतात. `YQ` म्हणजे बहुधा इंधन अधिभार आणि `K3` म्हणजे जीएसटी, एवढी दोन ओळखता आली तरी बरंच काम होतं. आमच्या तिकिटाचं माणशी चित्र असं निघालं.

```
मूळ भाडे                    २,३००
इंधन अधिभार                   ४००
जीएसटी ५ टक्के (२,७०० वर)      १३५
विमानतळ वापर शुल्क            ४६५
विमान सुरक्षा शुल्क            २००
एकूण                        ३,५००
```

आता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा होता: हे पैसे शेवटी कोणाचे? मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून २,७००, ते विमान कंपनीचे. विमानतळ वापर शुल्क, म्हणजे यूडीएफ, विमानतळ चालवणाऱ्याचं. सुरक्षा शुल्क देशांतर्गत प्रवाशाला एप्रिल २०२१ पासून २०० रुपये आहे आणि ते विमानतळांवरच्या सुरक्षेसाठी गोळा होतं. ही दोन्ही शुल्कं विमानतळावरून उडणाऱ्या प्रवाशासाठी आहेत. विमान कंपनी ती फक्त वसूल करून पुढे पोहोचवते. प्रवासी उडालाच नाही तर विमान कंपनीला ती पुढे द्यावी लागत नाहीत, म्हणून स्वतःकडे ठेवण्याचंही कारण उरत नाही. माणशी ४६५ अधिक २००, म्हणजे ६६५ रुपये. याला हात लावायचा विमान कंपनीला अधिकार नव्हता.

जीएसटीच्या १३५ रुपयांवर मी थांबलो. डीजीसीएचा नियम सरकारी कर परत करा म्हणतो, आणि जीएसटी हा सरकारी करच. मग हे चौघांचे ५४० रुपये मागायचे का? इथे कर खात्याचं ३ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आडवं येतं. त्यात स्पष्ट केलं आहे की तिकीट रद्द करताना कापलेल्या रकमेवरही मूळ सेवेच्याच दराने जीएसटी लागतो. इकॉनॉमी वर्गाच्या विमान तिकिटावर ५ टक्के, म्हणून त्याच्या रद्द शुल्कावरही ५ टक्के. विमान कंपनी २,७०० रद्द शुल्क म्हणून ठेवणार असेल तर त्यावर तिला १३५ कर भरावाच लागतो. प्रवासाचे १३५ सुटले आणि रद्द शुल्काचे १३५ लागले, म्हणजे हातात काहीच नाही. रद्द शुल्क भाड्यापेक्षा कमी असतं तर फरकावरचा जीएसटी परत यायला हवा होता. इथे सगळं भाडंच गेलं होतं. मी ते ५४० मागितले नाहीत, आणि मामांना त्याचं कारण समजावताना फोनवर चांगली पंधरा मिनिटं गेली.

म्हणजे विमान कंपनी जास्तीत जास्त २,७०० अधिक १३५, असे २,८३५ ठेवू शकत होती. पोर्टलने कापले होते ३,१५०. माणशी ३१५ रुपये जास्त. एकदा हा फरक दिसल्यावर ३,१५० कुठून आला हेही उमगलं. ३,००० वर ५ टक्के म्हणजे १५०, बेरीज ३,१५०. विमान कंपनीच्या दरपत्रकात लिहिलं होतं: प्रवासाला चार दिवसांहून जास्त वेळ असेल तर माणशी ३,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल ते. पोर्टलने वाक्याचा पहिला अर्धा भाग घेतला होता आणि "जे कमी असेल ते" सोडून दिलं होतं.

ही चूक महाग तिकिटावर दिसतच नाही. मूळ भाडं आणि इंधन मिळून ५,००० असतील तर कमी रक्कम ३,००० हीच असते आणि दोन्ही रीतींनी उत्तर एकच येतं. चूक बाहेर येते ती स्वस्त तिकिटावर, जिथे भाडं शुल्काच्या आकड्याखाली असतं. पुणे-नागपूरसारख्या छोट्या मार्गावर, लवकर काढलेल्या तिकिटात, हे सहज घडू शकतं. आणि तिथेच माणूस तक्रार करत नाही, कारण स्वस्त तिकिटाचं काय परत येणार असं त्याने आधीच गृहीत धरलेलं असतं. मला या प्रकरणात सर्वांत जास्त खुपलं ते हे.

चौघांचा दुरुस्त हिशेब मग असा झाला: विमानतळ व सुरक्षा शुल्क ६६५ गुणिले ४, म्हणजे २,६६०. त्यातून पोर्टलचं रद्द सेवा शुल्क १,१८० वजा. उरले १,४८०. आले होते २२०. येणं बाकी १,२६०. मामांना वाटत होते त्या ४,८०० पेक्षा हे फार कमी होतं, आणि आधी त्यांची निराशाच झाली. पण मागायचं तर सिद्ध करता येईल तेवढंच मागायचं, असं मी त्यांना सांगितलं. ४,८०० मागितले असते तर पोर्टलने "इंधन अधिभार परत होत नाही" एवढं एक खरं उत्तर देऊन फाइल बंद केली असती, आणि त्या खऱ्या उत्तराखाली १,२६० ची चूक कायमची झाकली गेली असती.

मागण्याआधी एक गोष्ट पक्की करायची होती. जास्तीचे पैसे कोणाकडे अडकले आहेत, विमान कंपनीकडे की पोर्टलकडे? पोर्टलवरून काढलेल्या तिकिटाचा परतावा आधी विमान कंपनीकडून एजंटच्या खात्यात जातो आणि तिथून प्रवाशाच्या कार्डावर येतो. मधे दोन टप्पे आहेत आणि चूक कुठल्याही एका टप्प्यावर होऊ शकते. म्हणून १७ मेला मी मामांनाच विमान कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करायला सांगितला, कारण प्रवासी तेच होते. नेमका प्रश्न कागदावर लिहून दिला: "या पीएनआरवर आपण एजन्सीला किती रक्कम परत केली, आणि माणशी रद्द शुल्क किती लावलं?" परतावा का कमी आला असं विचारलं की उत्तर मिळतं, "तुमच्या एजंटशी बोला." एजन्सीला किती दिले असं विचारलं की आकडा सांगावा लागतो. आकडा मिळाला: माणशी ६६५, एकूण २,६६०, एजन्सीच्या खात्यात १३ मेलाच जमा. मामांनी तोच तपशील ईमेलवर मागून घेतला आणि त्यासोबत रद्द शुल्काचं बीजकही आलं: २,७०० अधिक जीएसटी १३५.

याचा अर्थ विमान कंपनीने नियमाप्रमाणे पैसे दिले होते. १,२६० रुपये पोर्टलकडे पडून होते. मुद्दाम ठेवले असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे त्याचा पुरावा नाही. त्यांच्या संगणकात शुल्काचा ठोक आकडा भरलेला असावा आणि खरी जमा रक्कम आल्यावर ती त्याच्याशी कोणी ताडून पाहिली नसावी, असं मला वाटतं.

पोर्टलला पाठवलेला मजकूर मी मुद्दाम छोटा ठेवला. बुकिंग क्रमांक, पीएनआर, रद्द केल्याची तारीख, आणि मग तीन वाक्यं: आपण विमान कंपनीचे रद्द शुल्क म्हणून माणशी ३,१५० कापले, विमान कंपनीच्या सोबतच्या बीजकानुसार ते २,८३५ आहे आणि कंपनीने आपल्याला २,६६० परत केले आहेत, फरक १,२६० रुपये मूळ कार्डावर जमा करावा. कन्व्हिनियन्स फी आणि त्यांचं सेवा शुल्क आम्हाला मान्य आहे, असंही एका ओळीत लिहिलं. ती ओळ मामांना पटत नव्हती, पण तिच्यामुळे समोरच्याला वाद घालायला दुसरा विषयच उरला नाही.

पहिलं उत्तर ठराविक साच्यातलं आलं: शुल्क विमान कंपनीच्या धोरणानुसार. आम्ही त्याच ईमेलला उत्तर देत बीजक पुन्हा जोडलं आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता वर टाकला. उपयोग झाला नसता तर पुढची पायरी ठरलेली होती. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही विमान कंपनीचीच असते आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे तिला ती ३० कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करून घ्यायची होती. म्हणून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर विमान कंपनीच्या नावे तक्रार नोंदवता आली असती. पोर्टलविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक होताच. दोन्हींची गरज पडली नाही. २७ मेला "आपल्या परताव्याचे पुनरावलोकन करण्यात आले आहे" असा ईमेल आला आणि २९ मेला कार्डावर १,२६० रुपये दिसले. मधल्या दोन दिवसांत मामा दर तासाला बँकेचं अॅप उघडत होते, म्हणून मी पोर्टलकडून परताव्याचा एआरएन क्रमांक मागून ठेवला. पैसे निघाले म्हणतात पण दिसत नाहीत, अशा वेळी बँक हा क्रमांक घेऊन शोध लावू शकते.

हा हिशेब प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द केलं तेव्हाचा आहे. विमान कंपनीनेच उड्डाण रद्द केलं आणि प्रवाशाला दुसरं विमान नको असेल, तर रद्द शुल्काचा प्रश्नच येत नाही आणि तिकिटाचे सगळे पैसे परत यायला हवेत. तेव्हाही पोर्टलच्या कन्व्हिनियन्स फीसाठी पोर्टलच्या अटी वेगळ्या वाचाव्या लागतात. सवलतीचं कूपन वापरलं असेल तर आणखी एक ओळ वाढते, कारण बरेच पोर्टल परताव्यातून सवलत कापून घेतात. मामांनी कूपन वापरलं नव्हतं म्हणून माझं काम सोपं झालं.

बसच्या तिकिटाला हीच रीत लावली तर चित्र वेगळं दिसतं. पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सच्या तिकिटात विमानतळ किंवा सुरक्षा शुल्कासारखा कोणाच्याही हाताबाहेरचा भाग नसतो. असतं ते भाडं, एसी गाडीवर ५ टक्के जीएसटी आणि वर पोर्टलची फी. रद्द शुल्क बस सुटायला किती तास बाकी आहेत त्यावर टक्क्यात ठरतं. तिथे तपासायचं ते एवढंच की टक्का कशावर काढला. भाडं १,२००, जीएसटी ६० आणि कपात २५ टक्के असेल, तर भाड्यातून ३०० आणि त्यावरचा कर १५ जातो आणि ९४५ परत येतात. हाच टक्का फीसकट रकमेवर लावून नंतर फी पुन्हा वेगळी वजा केली असेल, तर फीचा चौथा हिस्सा दोनदा गेलेला असतो. रक्कम लहान दिसते, पण दिवाळीत सहा जणांची तिकिटं एकदम रद्द झाली की ती नजरेत भरते.

साखरपुडा शेवटी जुलैत झाला. त्या तिकिटांच्या वेळी मामांनी पैसे भरण्याआधी मला भाड्याच्या तपशिलाचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "इंधन २५० आहे. रद्द केलं तर किती येतील ते मी काढलंय, तू फक्त बरोबर आहे का सांग." त्यांचा आकडा बरोबर होता.